एका शाळेतील दोन अध्यापन पद्धती : परिकल्पना आणि शून्य परिकल्पना कशी लिहावी

अध्यापन पद्धतींची तुलना करणाऱ्या संशोधन आराखड्यांत परिकल्पनेच्या जागी बऱ्याचदा असे एखादे वाक्य आढळते : ‘सहकारी अध्ययन पद्धती व्याख्यान पद्धतीपेक्षा अधिक परिणामकारक आहे.’ वाक्य वाचायला ठीक आहे, पण ते तपासता येत नाही. ते कोणत्या विद्यार्थ्यांबद्दल आहे, परिणामकारक म्हणजे नेमके काय वाढले असे समजायचे, ते कशाने मोजायचे आणि कधी मोजायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. परिकल्पना नीट लिहिली आहे की नाही हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे. ते वाक्य आणि गुणांची यादी, अभ्यासाशी संबंध नसलेल्या पण संख्याशास्त्र जाणणाऱ्या एखाद्या व्यक्तीच्या हाती द्यावी. कोणते आकडे घ्यायचे, कोणाची तुलना कोणाशी करायची आणि कोणता निकाल आल्यास विधान फेटाळायचे, हे त्या व्यक्तीला संशोधकाला एकही प्रश्न न विचारता ठरवता आले पाहिजे.

ही कसोटी एका कल्पित अभ्यासाला लावून पाहू. एका शाळेत इयत्ता सातवीच्या दोन तुकड्या आहेत आणि प्रत्येकीत 32 विद्यार्थी आहेत. गणितातील ‘गुणोत्तर व प्रमाण’ हा घटक तुकडी ‘अ’ला सहकारी अध्ययन पद्धतीने आणि तुकडी ‘ब’ला व्याख्यान पद्धतीने शिकवायचा आहे. दोन्हीकडे 12 तासिका, शिक्षक तेच, आधी पूर्व चाचणी आणि घटक संपल्यावर 40 गुणांची उत्तर चाचणी. सहकारी अध्ययन म्हणजे काय, हेही आधी लिहून ठेवावे लागते : चार-चार विद्यार्थ्यांचे संमिश्र क्षमतेचे गट, पहिली पंधरा मिनिटे शिक्षकांचे विवेचन, उरलेल्या वेळात गटाने उदाहरणे सोडवणे, आणि गटातील कोणालाही फळ्यावर बोलावले जाईल अशी अट. एवढी व्याख्या केली नाही, तर विद्यार्थ्यांना नुसते बाके जोडून बसवले तरी त्याला सहकारी अध्ययनच म्हटले जाईल आणि परिकल्पना कशाची तपासली हे कोणालाच सांगता येणार नाही.

आता तेच वाक्य असे लिहिता येते : ‘या शाळेतील इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांना गुणोत्तर व प्रमाण हा घटक सहकारी अध्ययन पद्धतीने शिकवल्यास आणि व्याख्यान पद्धतीने शिकवल्यास, त्यांच्या उत्तर चाचणीतील गुणांच्या मध्यमानांत फरक असेल.’ ही संशोधन परिकल्पना झाली. तिच्यात विद्यार्थी कोण, बदल कशात केला, मोजमाप कशाचे आणि तुलना कोणत्या संख्येची, हे सारे आले. ‘मध्यमान’ हा शब्द येथे शोभेसाठी नाही. तुलना मध्यमानांची आहे, उत्तीर्णांच्या टक्केवारीची नाही आणि सर्वाधिक गुणांचीही नाही, हे त्या एका शब्दाने ठरते आणि पुढे कोणती परीक्षिका, म्हणजे परीक्षणासाठी गुणांवरून काढायची संख्या, वापरायची तेही बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरते.

शून्य परिकल्पना म्हणजे याच वाक्यातील फरक शून्य मानणारे विधान : ‘या शाळेतील इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांना हा घटक दोन्हींपैकी कोणत्याही पद्धतीने शिकवला तरी उत्तर चाचणीतील गुणांच्या मध्यमानांत फरक नाही.’ सूत्ररूपात ते असे दिसते :

H₀ : μ₁ = μ₂

सूत्रातील μ ही अक्षरे प्रत्यक्ष हाती आलेल्या सरासऱ्यांसाठी नाहीत, आणि नवख्या संशोधकाची गल्लत नेमकी येथे होते. ‘तुकडी अ व तुकडी ब यांना मिळालेल्या गुणांची सरासरी समान आहे’ असे शून्य परिकल्पनेत लिहिले, तर ते तपासण्यासाठी संख्याशास्त्र लागतच नाही. दोन बेरजा आणि दोन भागाकार पुरतात, आणि उत्तर जवळजवळ नेहमी ‘समान नाही’ असेच येते. शून्य परिकल्पना बोलते ती त्या गुणांच्या मागे असलेल्या, आपल्याला थेट न दिसणाऱ्या मध्यमानांबद्दल. हाती आलेला फरक केवळ योगायोगाने, म्हणजे कोणता विद्यार्थी कोणत्या गटात पडला एवढ्याच कारणाने येऊ शकला असता का, हा तिचा प्रश्न असतो.

तसाच दुसरा वारंवार दिसणारा दोष म्हणजे शून्य परिकल्पनेत ‘सार्थक’, म्हणजे केवळ योगायोगाने आला असे मानणे कठीण जावे इतका मोठा, हा शब्द घुसडणे : ‘दोन्ही मध्यमानांत सार्थक फरक नाही.’ अनेक प्रबंधांत हीच शब्दरचना रूढ आहे आणि मार्गदर्शकही ती चालवून घेतात. तरीही काटेकोरपणे पाहिले तर सार्थकता हा परीक्षणाचा निकाल आहे, मूळ मध्यमानांचा गुणधर्म नव्हे. फरक आहे किंवा नाही, एवढेच परिकल्पनेत असावे. तो सार्थक ठरला की नाही हे निष्कर्षात यावे. विद्यापीठाच्या नमुन्यात तो शब्द सक्तीचाच असेल तर वाद घालण्याइतका हा मुद्दा मोठा नाही, पण आपण काय लिहीत आहोत याची जाण असावी.

शून्य परिकल्पना ही संज्ञा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1935 मध्ये रूढ केली, आणि तिच्याबाबत त्यांचे म्हणणे असे होते की प्रयोगाने ती कधी सिद्ध होत नाही. फार तर ती असिद्ध ठरू शकते. तिच्यासमोर एक पर्यायी परिकल्पना मांडायची आणि दोघींमधून निवड करायची, ही चौकट जेर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांची. आज लघुप्रबंधांत जी जोडी दिसते ती या दोन विचारांचे मिश्रण आहे. त्यामुळे पर्यायी परिकल्पना कशी लिहायची हा निर्णय संशोधकाला स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, आणि तो किती महागात पडू शकतो हे आपल्या उदाहरणातील आकड्यांवरून दिसते.

प्रश्न दिशेचा आहे. वर लिहिलेली संशोधन परिकल्पना फरक असेल एवढेच म्हणते, कोणत्या बाजूने ते सांगत नाही. तिला दिशाहीन परिकल्पना म्हणतात. ‘सहकारी अध्ययनाने शिकलेल्यांचे मध्यमान अधिक असेल’ असे लिहिले तर ती दिशायुक्त होते आणि परीक्षण एकपुच्छ होते, म्हणजे फरकाचा पुरावा एकाच बाजूला शोधला जातो.

समजा, उत्तर चाचणीत तुकडी ‘अ’चे मध्यमान 27.4 आणि प्रमाण विचलन 5.6 आले, तुकडी ‘ब’चे मध्यमान 24.6 आणि प्रमाण विचलन 6.0 आले. फरक 2.8 गुणांचा. दोन्ही गटांत 32 विद्यार्थी असल्याने या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे योगायोगाने तो साधारण किती कमी-जास्त होऊ शकतो याचे माप, सुमारे 1.45 येते, आणि 2.8 ला तिने भागले की t चे मूल्य 1.93 मिळते. स्वाधीनता मात्रा 62. सार्थकता स्तर, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असतानाही तिचा चुकीने त्याग होण्याची चालवून घेतलेली शक्यता, 0.05 धरला तर त्यागासाठी t ने ओलांडायचे सारणीतील मूल्य, दोन्ही बाजूंना पुरावा शोधणाऱ्या द्विपुच्छ परीक्षणासाठी 2.00 आहे आणि एकपुच्छ परीक्षणासाठी 1.67. म्हणजे त्याच विद्यार्थ्यांच्या त्याच गुणांवरून, दिशाहीन परिकल्पना मांडलेल्या संशोधकाला शून्य परिकल्पनेचा त्याग करता येत नाही आणि दिशायुक्त परिकल्पना मांडलेल्याला करता येतो.

गुण हाती आल्यावर 1.93 पाहून परिकल्पनेत ‘अधिक असेल’ हे शब्द घालण्याचा मोह येथेच होतो. तसे केले की 0.05 हा आकडा खोटा ठरतो, कारण फरक उलट बाजूने आला असता तर त्या संशोधकाने वाक्य उलट बाजूनेही वळवले असते. दोन्ही बाजूंना 5 टक्के सूट घेतल्याने चुकीने त्याग करण्याची शक्यता 10 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून परिकल्पनेवर पूर्व चाचणीच्या आधीची तारीख असावी आणि ती मार्गदर्शकाकडे किंवा अन्य कोणाकडे नोंदलेली असावी. दिशा लिहायचीच असेल तर तिला आधीच्या संशोधनाचा आधार हवा, आणि नवी पद्धत मागे पडल्याचे दिसले तरी त्यावरून ‘जुनी पद्धत सरस ठरली’ असा निष्कर्ष काढायचा नाही, ही अट मान्य हवी. शाळेच्या दृष्टीने मात्र नवी पद्धत हानिकारक आहे का, हे कळणेही महत्त्वाचे असते. त्यामुळे एका शाळेतील अशा तुलनेसाठी मी दिशाहीन परिकल्पनेच्याच बाजूचा आहे.

आता दिशाहीन परिकल्पना लिहिणाऱ्या संशोधकाने 1.93 या मूल्यावरून काय म्हणायचे? ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात आला, म्हणून दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत’ हे वाक्य प्रबंधांत सर्रास येते आणि ते चुकीचे आहे. 2.8 गुणांच्या फरकाभोवती 95 टक्के विश्वासाची कक्षा काढली तर ती सुमारे उणे 0.1 पासून 5.7 गुणांपर्यंत जाते. या कक्षेत शून्य आहे हे खरे, पण साडेपाच गुणांचा फरकही त्याच कक्षेत आहे, आणि 40 पैकी साडेपाच गुण म्हणजे कोणताही शिक्षक दखल घेईल इतका फरक. मिळालेल्या माहितीवरून फरक नसल्याची शक्यता नाकारता आली नाही, एवढेच म्हणता येते. म्हणून ‘स्वीकार’ऐवजी ‘त्याग करता आला नाही’ असे लिहावे आणि त्याच वाक्यात फरक व त्याची कक्षा द्यावी. दोन्ही पद्धती समतुल्य आहेत असेच दाखवायचे असेल तर परिकल्पना मुळातच वेगळी लागते : किती गुणांपर्यंतचा फरक नगण्य मानायचा ते आधी ठरवून, ‘फरक त्या मर्यादेबाहेर आहे’ हे विधान फेटाळण्यासाठी मांडायचे. त्यासाठी 64 विद्यार्थी सहसा पुरत नाहीत.

पूर्व चाचणीबद्दलही एक शून्य परिकल्पना लिहिण्याची प्रथा आहे : ‘पूर्व चाचणीत दोन्ही गटांच्या मध्यमानांत फरक नाही.’ तिचा त्याग करता आला नाही की गट समान असल्याचे जाहीर करून पुढे जायचे, असा तिचा उपयोग केला जातो. आपल्या उदाहरणात ‘अ’चे पूर्व चाचणीतील मध्यमान 14.2 व प्रमाण विचलन 4.9 आणि ‘ब’चे 13.1 व 5.1 आहे असे समजू. t चे मूल्य 0.88 येते, म्हणजे सार्थकतेपासून फार दूर. तरी 1.1 गुणांची आघाडी ‘अ’कडे होतीच, आणि ती अंतिम 2.8 गुणांच्या फरकात मिसळलेली आहे. सार्थक नसलेला फरक नाहीसा होत नाही. प्रत्येकाच्या उत्तर चाचणीच्या गुणांतून पूर्व चाचणीचे गुण वजा केले, तर गटांच्या प्रगतीतील फरक 1.7 उरतो. पूर्व चाचणीतील एका गुणामागे उत्तर चाचणीत सरासरी 0.6 गुण वाढतात असे आढळले, तर अँकोव्हा या, पूर्व चाचणीतील तफावतीचा हिशेब करून उत्तर चाचणीची मध्यमाने ताडणाऱ्या परीक्षणाने समायोजित केलेला फरक सुमारे 2.1 येईल.

तीन रास्त मार्ग आणि तीन वेगळी उत्तरे : 2.8, 1.7 आणि 2.1. आधीच बनलेल्या गटांत वजाबाकीचा मार्ग आणि समायोजनाचा मार्ग परस्परविरोधी निष्कर्षही देऊ शकतात, हे फ्रेडरिक लॉर्ड यांनी 1967 मध्ये दाखवून दिले आणि तो पेच आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यातून शून्य परिकल्पनेच्या वाक्यात एक शब्दसमूह वाढतो. ‘उत्तर चाचणीच्या मध्यमानांत फरक नाही’ असे मोघम न ठेवता, ‘पूर्व चाचणीतील गुण विचारात घेऊन समायोजित केलेल्या उत्तर चाचणीच्या मध्यमानांत फरक नाही’ असे लिहावे. मग अँकोव्हा वापरायचे हे वाक्यातच ठरलेले असते, आणि तीन आकड्यांतील सोयीचा आकडा निवडण्याची वाट बंद होते. पूर्व चाचणीवरची वेगळी शून्य परिकल्पना मग अनावश्यक होते. तेथे दोन्ही गटांची मध्यमाने आणि प्रमाण विचलने देणे पुरेसे.

उपपरिकल्पनांबाबत थोडक्यात. मुलगे, मुली, उच्च संपादणूक, मध्यम संपादणूक, निम्न संपादणूक अशी प्रत्येक उपगटासाठी एक शून्य परिकल्पना लिहिली की प्रबंध भरीव दिसतो. पण परस्परांशी संबंध नसलेल्या 10 शून्य परिकल्पना खऱ्या असतानाही, प्रत्येकीसाठी 0.05 हा स्तर ठेवला तर किमान एक चुकीने त्यागली जाण्याची शक्यता सुमारे 40 टक्के होते. मुख्य परिकल्पना एकच ठेवावी आणि बाकीच्यांना शोधक निरीक्षणे म्हणावे. शिवाय मुलींमध्ये फरक सार्थक आला आणि मुलग्यांमध्ये आला नाही, एवढ्यावरून पद्धतीचा परिणाम लिंगानुसार बदलतो असे ठरत नाही. त्यासाठी आंतरक्रियेची स्वतंत्र शून्य परिकल्पना लागते, म्हणजे ‘दोन पद्धतींमधील फरक मुलग्यांत आणि मुलींत सारखाच आहे’ अशी.

आता एका शाळेच्या अभ्यासातील सर्वांत अवघड जागा. शून्य परिकल्पना योगायोगाबद्दल बोलते असे वर म्हटले, पण या अभ्यासात योगायोग आला कोठून? सातवीचे सगळेच विद्यार्थी घेतले आहेत, कोणत्याही मोठ्या समूहातून चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. ‘सर्व शाळांतील विद्यार्थी’ ही जनसंख्या परिकल्पनेत लिहिणे म्हणूनच निराधार आहे, आणि ‘या शाळेतील’ हे शब्द वाक्यात असलेच पाहिजेत. 64 विद्यार्थ्यांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली असेल, तर योगायोगाचा स्रोत स्पष्ट असतो : तो विभागणीत आहे. मग शून्य परिकल्पनेचा अर्थही नेमका होतो. या 64 जणांना सगळ्यांना सहकारी अध्ययनाने शिकवले असते किंवा सगळ्यांना व्याख्यानाने, तरी त्यांचे मध्यमान तेच आले असते, असे ती म्हणते.

पण प्रत्यक्षात बहुतेक शाळा तुकड्या मोडू देत नाहीत. अख्खी तुकडी ‘अ’ एका पद्धतीला आणि अख्खी ‘ब’ दुसरीला दिली जाते. तसे झाले की 64 स्वतंत्र नोंदी असल्याचा दावा डळमळतो, कारण एका तुकडीतील विद्यार्थी एकच वर्गखोली, एकच तासिकेची वेळ, तेच सोबती आणि तीच शिस्त वाटून घेत असतात. ‘अ’ची गणिताची तासिका सकाळी पहिली आणि ‘ब’ची मधल्या सुट्टीनंतरची असेल, तर 2.8 गुणांत पद्धतीचे किती आणि वेळेचे किती, हे कोणतीही परीक्षिका सांगू शकत नाही. अँकोव्हा पूर्व चाचणीपुरती तफावत भरून काढते. वेळ, सोबती आणि शिस्त तिच्या आवाक्यात नसतात. अशा अभ्यासात शून्य परिकल्पनेचा त्याग झाला तरी ‘तुकड्यांमध्ये फरक आहे’ एवढेच ठामपणे म्हणता येते, ‘पद्धतींमध्ये फरक आहे’ असे नाही. मर्यादांच्या प्रकरणात हे एका ओळीत उरकले जाते. खरे तर निष्कर्षाचे पहिले वाक्यच त्यानुसार बेतायला हवे.

तुकड्या मोडता येत नसतील, तर एका शाळेत करता येण्याजोगा उपाय म्हणजे पद्धतींची अदलाबदल. पहिला घटक ‘अ’ला सहकारी अध्ययनाने आणि ‘ब’ला व्याख्यानाने शिकवावा, पुढचा घटक, समजा ‘शेकडेवारी’, ‘अ’ला व्याख्यानाने आणि ‘ब’ला सहकारी अध्ययनाने. दोन्ही चाचण्या 40 गुणांच्या. प्रत्येक विद्यार्थ्याचे सहकारी अध्ययनाच्या घटकातील गुण वजा व्याख्यानाच्या घटकातील गुण, असा एक फरक काढावा. विद्यार्थ्याची तुलना स्वतःशीच होत असल्याने हुशार तुकडी आणि सामान्य तुकडी ही तफावत वजाबाकीत निघून जाते. शेकडेवारीचा घटक सोपा असेल तर त्याचा परिणाम एका तुकडीत फरक वाढवतो आणि दुसरीत तेवढाच घटवतो, म्हणून दोन तुकड्यांच्या सरासरीत तोही उरत नाही. येथे शून्य परिकल्पना अशी लिहिली जाईल : ‘या शाळेतील इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांचे, सहकारी अध्ययनाने शिकलेल्या घटकातील आणि व्याख्यानाने शिकलेल्या घटकातील उत्तर चाचणीच्या गुणांमधील वैयक्तिक फरक घेऊन, दोन्ही तुकड्यांना समान भार देऊन काढलेले मध्यमान शून्य आहे.’

वाक्य लांबलचक आहे, पण त्यातला कोणताही शब्द काढला तरी परीक्षण बदलते. या मांडणीलाही एक धोका आहे : ‘अ’चे विद्यार्थी पहिल्या घटकात गटाने काम करायला शिकले, की दुसऱ्या घटकाच्या व्याख्यानानंतरही ते एकमेकांना विचारत राहतात आणि व्याख्यान पद्धतीच्या नावावर सहकारी अध्ययनाचे काही गुण जमा होतात. ‘ब’च्या बाबतीत असे होत नाही, कारण तिने व्याख्यानापासून सुरुवात केलेली असते. या विषमतेचा माग काढण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या दोन्ही चाचण्यांच्या गुणांची बेरीज करून तुकड्यांच्या बेरजांची तुलना केली जाते. मात्र विद्यार्थी यादृच्छिकपणे वाटलेले नसल्याने, बेरजांत फरक दिसला तरी तो तुकड्यांच्या मूळ पातळीचा की पद्धतीच्या उरलेल्या परिणामाचा, हे त्या आकड्यावरून वेगळे करता येत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या घटकाच्या तासिकांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून, व्याख्यानाच्या वर्गात किती वेळ आपसातील चर्चा चालली याची नोंद ठेवणे अधिक उपयोगी पडते.